सहा मिली कुणालाच खटकत नाही

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितोय. रात्रपाळीची नर्स एका लहान मुलाच्या सिरपच्या डोसमधली दशांशचिन्हाची चूक पकडते, एवढंच कथानक आहे. मसुद्यात औषध पॅरासिटामॉल घेतलंय आणि नर्सला डोस तोंडपाठ असल्यामुळे चूक एका नजरेत कळते. ओळखीच्या एका सिस्टरने वाचून "असं होत नाही" एवढंच सांगितलं. मग कसं होतं?

उत्तर: तुमच्या ओळखीच्या सिस्टरचं बरोबर आहे, पण त्यांनी कारण सांगायला हवं होतं. मी तेवीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. तुमच्या कथेत दशांशचिन्ह कुठे पडलं याने फारसा फरक पडत नाही. चुकलेला आकडा दिसायला साधा आहे की विचित्र, यावर सगळं अवलंबून आहे. विचित्र असेल तर तो कुणीही पकडेल, त्यासाठी कथा लागत नाही. साधा असेल तर तो हातून निसटतो. तुम्ही निवडलेल्या औषधात तो विचित्रच दिसणार.

हिशेब करून बघा. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम होतं. ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर डोस ३ मिली. दशांशचिन्ह सरकलं की तो ३० मिली होतो, म्हणजे साठच्या बाटलीतलं अर्धं औषध एका वेळी. असं ओतायला घेतलं तर पहिल्या दिवसाची विद्यार्थिनीही थांबेल, मुलाची आई तर आधी थांबवेल. बहुतेक नेहमीच्या सिरपांत दसपटीची चूक अशी आकारमानावरूनच उघडी पडते.

तुम्हाला असं औषध हवं, ज्याचा खरा डोस चमचाभराच्याही खाली असतो आणि दसपट झाला की बरोबर चमचाभर होतो. आपल्या सगळ्यांच्या मनात "मुलाचं औषध म्हणजे एक चमचा" हे इतकं घट्ट बसलंय की पाच-सहा मिली कुणालाच खटकत नाही. असं औषध म्हणजे डिगॉक्सिन. हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेली, धाप लागणारी, वजन न वाढणारी बाळं वॉर्डात असतात. त्यांच्या हृदयाचं आकुंचन सुधारावं म्हणून हे देतात. बाटलीवर एलिक्सिर लिहिलेलं असतं, वॉर्डात सगळे सिरपच म्हणतात.

सहा किलोचं बाळ घ्या. रोजचा डोस किलोमागे १० मायक्रोग्रॅम धरला तर दिवसाचे ६० मायक्रोग्रॅम, आणि ते दोन वेळांत द्यायचे म्हणून एका वेळी ३०. औषधाची नेहमीची ताकद एका मिलीत ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. तिसाला पन्नासने भागलं की ०.६ मिली येतं. एवढंच थेंबाथेंबाचं औषध. बिंदू गेला की ते ६ मिली होतं, चमच्यापेक्षा जरासं जास्त. कागदावर हा आकडा अगदी निरागस दिसतो. (हे आकडे कथेपुरते आहेत. कुणाच्या घरी बाळाला हे औषध चालू असेल तर मात्रा त्याच्या डॉक्टरांनी लिहिलेलीच, आणि नवी बाटली आणली की तिच्यावरची ताकद जुन्या बाटलीशी ताडून बघायची.)

बिंदू जातो कसा, तेही सांगते. डॉक्टर घाईत ०.६ न लिहिता नुसतं ".६" लिहितात. आमच्या ट्रीटमेंट शीटला आडव्या छापील रेघा असतात, आणि तो बिंदू नेमका रेघेवर बसतो. शीट भरली की नवी करावी लागते, ती बहुधा इंटर्न दुपारी बसून उतरवतो. त्याला रेघ दिसते आणि सहा दिसतो. तो अगदी सुवाच्य अक्षरात, सरळ "६ मिली" लिहितो. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या: मूळ अक्षर गिचमिड असतं तेव्हा माणूस शंका घेतो, पण उतरवलेल्या स्वच्छ अक्षरावर सगळे विश्वास ठेवतात. म्हणून बिंदूच्या आधी शून्य लिहायलाच हवं, हा नियम सगळीकडे शिकवतात. शून्य असलं आणि बिंदू पुसट झाला, तरी "०६" असं काहीतरी उरतं आणि वाचणारा थबकतो. उलट बाजूने पूर्ण आकड्यापुढे बिंदू देऊन शून्य लिहायचं नाही, कारण "१.०" चे दहा होतात.

आता पकडणं. तुमच्या नर्सला डोस तोंडपाठ आहे, हे मला पटत नाही. वॉर्डात औषधं पन्नास, वजनं तीन किलोपासून तीस किलोपर्यंत. पाठ असतात ते ठोकताळे. पकडतो तो हात, हे माझ्या अनुभवातून सांगते. २००७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. बत्तीस खाटांच्या वॉर्डात पंचेचाळीस मुलं होती, काही खाटांवर दोन-दोन, आणि रात्री आम्ही दोघी सिस्टर. अकरा नंबरच्या खाटेवर सात महिन्यांचं, सहा किलोचं बाळ. हृदयाला छिद्र, वरून न्यूमोनिया, ऑपरेशनसाठी नंबर लागायचा होता. रात्री आठला मी ओव्हर घेतली, म्हणजे पाळीचा ताबा. संध्याकाळच्या सिस्टरने त्या बाळाबद्दल "सलाइन बंद, ऑक्सिजन चालू, बाकी सेम" एवढंच सांगितलं. त्यात चूक काही नव्हती. सलाइन बंद होणं हीच त्या दिवसाची मोठी बातमी होती.

दहाच्या औषधांची ट्रॉली घेऊन निघाले. अकरा नंबरची शीट कोरी नवी होती. "डिगॉक्सिन ६ मिली" वाचलं आणि मला काहीही वाटलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्या कथेत इथेच नर्सच्या कपाळावर आठी आहे. मी बाटलीचं झाकण काढलं आणि त्या बाळाच्या वाटीतली सिरिंज उचलली. प्रत्येक बाळाची सुई काढलेली सिरिंज धुऊन, खाटेचा नंबर लिहिलेल्या वाटीत ठेवायची आमची पद्धत होती. अकरा नंबरच्या वाटीत दोन मिलीची सिरिंज होती. सहा मिली तिच्यात मावेना. मी दहा मिलीची घ्यायला ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात हात घातला, आणि तिथे हात थांबला. गेले चार दिवस या बाळाला सगळ्या जणी दोन मिलीच्या सिरिंजने देत होत्या, मग आज मोठी का लागतेय?

मग मी बाटली ट्यूबलाइटसमोर धरली. तपकिरी काच असते, उजेडावर धरल्याशिवाय पातळी दिसत नाही. ३० मिलीची बाटली, चिकटपट्टीवर उघडल्याची तारीख: रविवार, रात्री. त्या दिवशी गुरुवार होता. रविवार रात्रीपासून गुरुवार सकाळपर्यंत आठ डोस झाले होते. बाटली खांद्यापासून थोडीच खाली उतरली होती, पंचवीस मिलीच्या आसपास औषध शिल्लक. ०.६ ने आठ डोस म्हणजे पावणेपाच-पाच मिली, बरोबर जुळतं. सहा मिलीने दिलं असतं तर पाच डोसांतच, म्हणजे मंगळवारी रात्रीच, बाटली रिकामी झाली असती. कागद खोटं बोलू शकतो, बाटलीतली पातळी खोटं बोलत नाही. आणखी एक मोठी गोष्ट त्या पातळीने सांगितली: चुकीचा डोस अजून एकदाही गेलेला नाही. ते कळलं तेव्हा माझ्या पायातलं बळ परत आलं.

वजनावरून हिशेब मी त्यानंतर केला, तोही हातावर पेनने लिहून. मग केसपेपरच्या मागे टाचलेली जुनी शीट काढून टॉर्चखाली धरली. रेघेवर बिंदू होता. तुमच्या नर्सलाही हा क्रम द्या: आधी हाताला अडखळणं, मग बाटली, मग गणित, मग जुना कागद. उलट क्रम लावलात तर ती हुशार दिसेल, पण खरी वाटणार नाही.

बाळाची आई जागी होती. ती म्हणाली, "सिस्टर, रोज तर एवढंसंच देता ना?" आणि नखाच्या टोकावर माप दाखवलं. ती बोलली नसती तरी मला कळलं होतं. पण एखाद्या रात्री माझा हात थांबला नसता तर तिच्या त्या एका वाक्यावर सगळं आलं असतं. म्हणून कथेत आईला झोपवू नका.

तुम्ही मसुद्यात नाडी मोजायचं दृश्य घातलं असेल किंवा घालणार असाल, तर जपून. डिगॉक्सिन द्यायच्या आधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात. तान्ह्या बाळात ते शंभराच्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना विचारायचं, असा आमच्या वॉर्डचा नियम होता. पण हे मोजणं आधीच अंगात साठलेलं औषध ओळखण्यासाठी आहे. त्या रात्री बाळाचे ठोके १३८ होते, म्हणजे देण्याला हरकत नाही असंच उत्तर आलं असतं. दिला जाणारा डोस दसपट आहे हे नाडी आधी कधीच सांगत नाही. ती दिल्यानंतर सांगते.

दिला असता तर काय झालं असतं? इथे अतिशयोक्ती करू नका, तिची गरजही नाही. सहा मिली म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम, किलोमागे ५०. औषध नव्याने सुरू करताना शरीर भरून घेण्यासाठी जो एकूण डोस दिवसभरात तुकड्यांनी देतात, साधारण तेवढा एकदम, आणि तोही ज्याच्या अंगात औषध आधीच आहे अशा बाळाला. घशाखाली उतरताच बाळ निळं पडत नाही. पोटातून दिलेल्या औषधाचा जोर चढायला दोन ते सहा तास लागतात. पहाटे बाळ दूध टाकतं, एक-दोनदा ओकतं, आणि न्यूमोनियाचं बाळ खोकून ओकलं असं सगळे समजतात. ठोके हळूहळू उतरतात. सकाळी दहाला, राउंडच्या गर्दीत, नाडी न मोजता दुसरे सहा मिली जातात. खरी भीती त्या दुसऱ्या डोसाची. त्यात अशा बाळांना लघवी वाढवणारं फ्रुसेमाइड चालू असतं, त्याने शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, आणि पोटॅशियम कमी असलं की डिगॉक्सिनचं विष जास्त चढतं, ठोक्यांचा ताल बिघडतो. या विषावर उतारा म्हणून प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं, पण मी काम केलं त्या कुठल्याही वॉर्डात ते हाताशी नव्हतं.

तुमच्या मसुद्यात चूक कळल्यावर नर्स डॉक्टरांना सांगते आणि कथा संपत येते. माझ्या अनुभवात खरी कथा तिथे सुरू होते. मी फोन लावला तेव्हा साडेदहा झाले होते. रेसिडेंट डॉक्टर कॅज्युअल्टीत होते, आदल्या सकाळपासून जागे.

मी म्हटलं, "डॉक्टर, अकरा नंबरचं डिगॉक्सिन. नव्या शीटवर सहा मिली आहे. वजन सहा किलो, माझ्या हिशेबाने पॉइंट सहा येतं. मी डोस दिलेला नाही."

"पॉइंट सिक्सच लिहिलंय मी."

"जुन्या शीटवर बिंदू रेघेत गेलाय. नवीवर सरळ सहा आहे."

"मग तुम्ही पॉइंट टाका ना, सिस्टर. इथे फिट्सचं मूल आलंय."

"मी नाही टाकणार. डोस थांबवते, तुम्ही या."

फोनवर क्षणभर कुणी बोललं नाही. त्या वेळी मी उद्धट ठरले असेन. पण बिंदू मी टाकला असता तर तो ऑर्डर कुणी दिला हे उद्या कुणालाच कळलं नसतं. शिवाय तो पुन्हा तसाच एक ठिपका राहिला असता, पुढच्या शीटवर गळायला मोकळा. चुकलेली ओळ एका सरळ रेघेने अशी खोडायची की खालचं वाचता यावं. मग डॉक्टरांनी सही, तारीख, वेळ घालून पूर्ण ऑर्डर नव्याने लिहायची, आणि मिलीबरोबर मायक्रोग्रॅमही. दोन आकडे लिहिले की एक चुकला तरी दुसरा त्याच्याशी भांडतो.

वीस मिनिटांनी ते आले. पंचविशीचा मुलगा. जुनी शीट पाहिली, नवी पाहिली, बाळाकडे पाहिलं आणि शेजारच्या स्टुलावर बसले. "गेला नाही ना एकही?" एवढंच विचारलं. मी बाटली उजेडावर धरून दाखवली. मग त्यांनी लिहिलं: "०.६ मिली, ३० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा." शून्य इतकं मोठं काढलं होतं की पुढचा सहा त्याच्यापुढे लहान दिसत होता. त्यानंतर इतर खाटांच्या त्या दुपारी उतरवलेल्या सगळ्या शीट आम्ही दोघांनी मिळून जुन्यांशी ताडल्या. तुमच्या कथेत हे विसरू नका. एक बिंदू गळला असेल तर त्याच हाताने, त्याच दुपारी, आणखीही काही गळलं असू शकतं.

यातलं बरंच काही तुमची कथा कुठे घडते त्यावर बदलेल. डोस फार्मसीतून मोजून येत असेल तर बाटलीचा पुरावा नर्सच्या हातात नसतो, तिला सिरिंजवरच्या लेबलपाशी थांबावं लागेल. संगणकावर ऑर्डर लिहिणाऱ्या मोठ्या खासगी रुग्णालयात बिंदू रेघेत जात नाही. तिथे वजन भरतानाच ६ ऐवजी ६० होतं, आणि यंत्र बिनचूक गुणाकार करून चुकीचा डोस देतं. वॉर्डात एकच सिस्टर असेल तर दुसरीला विचारून खात्री करणं हे दृश्यच नाही. माझ्याबरोबर दुसरी होती, आणि मी तिला माझं उत्तर न सांगता फक्त वजन आणि बाटली दिली होती. तिने वेगळा हिशेब करून ०.६ सांगितलं. उत्तर आधी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती, आणि ती तपासणी कसली?

तेव्हा औषध बदला, नर्सला आधी चूक कळू देऊ नका, सिरिंजपाशी तिचा हात अडवा, आणि फोनवरच्या त्या "तुम्हीच पॉइंट टाका ना" ला जागा द्या.

शेवट काय करायचा तो तुमचा अधिकार. माझ्याकडे घडलं ते असं: अकरा वाजून दहा मिनिटांनी मी त्याच दोन मिलीच्या सिरिंजमध्ये ०.६ भरलं, बाळाच्या गालाच्या आतून हळूहळू सोडलं. आईने विचारलं, आज उशीर का झाला. त्या काळी अशी गोष्ट नातेवाइकांना सांगायची पद्धत नव्हती, पण तिने मगाशी नखावर माप दाखवलं होतं. मी तिला दोन्ही शीट दाखवल्या. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. रेघेवरचा बिंदू मात्र तिने बोट ठेवून बरोबर शोधला.